बँडची मोफत प्रीमियम योजना बंद करताना या चुका टाळा

फिटनेस बँडसोबत वर्षभर मोफत मिळालेली आरोग्य अ‍ॅपची प्रीमियम योजना मुदत संपताच आपोआप बंद होते, हा समज बहुतेकांना महागात पडतो. ही योजना सुरू करताना पैसे भरण्याचे साधन आणि आपोआप नूतनीकरणाची संमती बहुतेक वेळा घेतलेली असते. त्यामुळे ती रद्द केली नाही, तर पुढील वर्षाची रक्कम खात्यातून कापली जाते.

सर्वांत जास्त गोंधळ खात्यावरून होतो. समजा, अमळनेरच्या निवृत्त शिक्षक आप्पांना त्यांच्या मुलाने दसऱ्याला बँड आणून दिला, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून घरी आल्यावर तो आप्पांच्या फोनला जोडला आणि योजना घेताना स्वतःचे जीमेल व स्वतःचे यूपीआय वापरले. वर्षाने आप्पा प्ले स्टोअर उघडतात, पण तिथे त्यांना ही योजना दिसत नाही, कारण त्यांच्या खात्यावर ती नाहीच. रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी येणारी सूचनाही पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जाते आणि इतर संदेशांत हरवते. अशा वेळी प्ले स्टोअरमधील प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवून खाते बदलावे आणि मग `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions` उघडून योजनेवर `Cancel subscription` करावे. मुलगा हेच काम पुण्यात बसूनही करू शकतो. योजना आयफोनवरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतली असेल, तर ती तिथूनच रद्द करावी लागते.

तारीख मोजतानाही चूक होते. वर्ष साधारणपणे खरेदीच्या पावतीपासून नव्हे, तर योजना सुरू केल्यापासून धरले जाते. म्हणून वरच्या उदाहरणात दसरा धरून चालणार नाही. नूतनीकरणाची नेमकी तारीख त्याच पडद्यावर दिसते. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दोन-तीन दिवस आधी रद्द करावे. मात्र काही योजना रद्द करताच लगेच थांबतात, म्हणून खात्री करण्यापूर्वी पडद्यावरचा मजकूर वाचावा.

अ‍ॅप काढून टाकल्याने किंवा बँड कपाटात ठेवल्याने योजना रद्द होत नाही. यूपीआयमधला ऑटोपे आदेश तेवढा रद्द करणे हा मला अर्धवट उपाय वाटतो: पैसे जात नाहीत, पण प्ले स्टोअरच्या लेखी योजना काही काळ थकीत म्हणून उरते आणि या काळात खात्यावर नवे कार्ड जोडले, तर वसुली पुन्हा होऊ शकते. आधी योजना रद्द करावी, मग आदेश तपासावा.

रागाच्या भरात बँडचे खातेच हटवू नये, कारण त्यासोबत वर्षभराच्या नोंदी जातात. प्रीमियम संपल्यावर सविस्तर विश्लेषण बंद होते. पावले, नाडीचे ठोके आणि झोपेची साधी नोंद सहसा चालूच राहते. रद्द झाल्याचा ईमेल आला आणि नूतनीकरणाच्या जागी समाप्तीची तारीख दिसू लागली, म्हणजे काम झाले.