शून्य अंशावरचे सोलमेट: ड्रॅकोनिक पत्रिका शिकताना मी काय चुकले

फोंड्याला आमच्या घरी पत्रिका वडिलांपासून होतात. सायन, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजण्याची पद्धत मात्र मी हरमलला शिकले. तिथे हिवाळ्यात येऊन राहणाऱ्या एका परदेशी बाईंकडे एक मोसम जात होते. ड्रॅकोनिक पत्रिका हा शब्द पहिल्यांदा तिथेच ऐकला. तो नवीन वाटला तरी त्यातला ड्रॅगन आपल्या ओळखीचाच आहे. युरोपातल्या जुन्या ज्योतिषात राहूला ड्रॅगनचं डोकं आणि केतूला त्याची शेपटी म्हणत.

कृती एका ओळीची आहे. प्रत्येक ग्रहाच्या अंशांतून त्याच पत्रिकेतल्या राहूचे अंश वजा करायचे. वजाबाकी ऋण आली तर 360 मिळवायचे. म्हणजे राहू मेषेच्या शून्यावर बसतो आणि बाकीचं चक्र त्याच्यामागून फिरतं. सगळे ग्रह सारखेच सरकतात, म्हणून त्यांच्यातले योग आहेत तसेच राहतात, फक्त राशी बदलतात. ब्रिटनमधल्या पामेला क्रेन यांच्यासारख्या ज्योतिषींनी ही पत्रिका आत्म्याच्या पातळीवरची मानून पुढे आणली. तिथून ‘सोलमेट’ फार लांब नव्हता.

माझी पहिली चूक घडली ती एका जोडप्याच्या कागदावर. दोघं म्हापशाकडची, लग्न ठरत आलेलं. मुलीने कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून काढलेला तक्ता आणला होता आणि त्यात दोन ओळींना लाल पेनने गोल केले होते. पहिली ओळ होती: दोघांच्या ड्रॅकोनिक राहूंची युती, फरक 0°00'. दुसरी: तिचा ड्रॅकोनिक रवी त्याच्या मूळ चंद्रावर, फरक 0°24'. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हटलं, “असं सहसा दिसत नाही.” मुलीचे डोळे भरून आले. ते वाक्य मला आजही टोचतं.

पहिली ओळ सगळ्यांच्या कागदावर येते. प्रत्येकाचा राहू आपणच उचलून शून्यावर ठेवला, तर दोन शून्यांतला फरक शून्यच येणार. माझी आणि आमच्या आमदाराची पत्रिका शेजारी ठेवा, तिथेही 0°00' दिसेल. तक्ता काढणारं सॉफ्टवेअर ही ओळ गाळत नाही, आणि नवखा माणूस सर्वात लहान आकडा आधी पाहतो. खऱ्या, म्हणजे मूळ पत्रिकांतल्या राहूंची युती ही वेगळी गोष्ट, पण तिचंही कौतुक बेताने करावं. राहू वर्षाला साधारण 19 अंश मागे जातो, म्हणजे एका अंशाला 19 दिवस लागतात. त्यामुळे दोन महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या कुठल्याही दोघांचे राहू तीनेक अंशांत असतात. शाळेतला अर्धा वर्ग एकमेकांचा सोलमेट ठरेल! शिवाय दोघांचे राहू तंतोतंत जुळले तर दोघांतून सारखाच आकडा वजा होतो, आणि दोन ड्रॅकोनिक पत्रिकांची तुलना साध्या तुलनेपेक्षा वेगळं काहीच सांगत नाही.

दुसरी ओळ खरोखर पाहण्यासारखी होती, म्हणून ती सावकाश सांगते.

मुलीचा जन्म मार्च 1995 च्या मध्यातला. सायन रवी 354°24', म्हणजे मीन 24. राहू 217°54'. वजाबाकी 136°30', म्हणजे सिंह 16°30'. मुलाचा सायन चंद्र सिंह 16°06'. फरक 24 कला. इथवर गणित बरोबर.

कागद घेऊन मी वडिलांकडे गेले. त्यांनी निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजलेले आकडे मांडले. सायन आणि निरयन यांतला फरक म्हणजे अयनांश; त्या वर्षीचे लाहिरी अयनांश सुमारे 23°48'. रवी झाला 330°36', म्हणजे मीन संक्रांत नुकतीच झालेली. राहू 194°06'. वजा केले तर पुन्हा 136°30'. रवी आणि राहू दोन्हींतून अयनांश सारखेच जातात, म्हणून ड्रॅकोनिक पत्रिका सायनाने करा किंवा निरयनाने, ती एकच येते. मला हे फार आवडलं. पण वडिलांनी मुलाच्या चंद्रावर बोट ठेवलं. तो निरयनात कर्क 22°18' होता, आश्लेषेत. म्हणजे एक बाजू जागची हलली नाही आणि दुसरी 24 अंश मागे गेली. युती संपली. “सायनात जन्मोजन्मीचे, निरयनात कोणी नाही, असं का गं?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाची ड्रॅकोनिक आणि दुसऱ्याची मूळ पत्रिका एकमेकांवर ठेवताना दोन वेगवेगळ्या शून्यांपासून मोजलेले अंश आपण एकत्र आणतो. सोलमेटचे बहुतेक दावे याच जोडणीवर उभे आहेत.

मग राहू तपासला. तक्त्यातला होता माध्य राहू, म्हणजे सरासरी गतीचा. स्पष्ट राहू त्याच्याभोवती दीड-पावणेदोन अंशांपर्यंत डोलतो. त्या तारखेला तो जवळजवळ पूर्ण डोललेला होता: साधारण 216°12'. त्याने वजाबाकी केली तर रवी सिंह 18°12' ला जातो आणि फरक 24 कलांवरून दोन अंशांच्या वर. या तुलनेत बहुतेक जण एक अंशाचा दीप्तांश, म्हणजे फरकाची मुभा, धरतात. म्हणजे सॉफ्टवेअरमधला एक पर्याय बदलला की तोच योग मावळतो. शिकाऊ माणसाने दोन्ही राहूंनी तक्ता काढून पाहावा. जो योग एकातच दिसतो त्यावर शब्द खर्च करू नये.

राहिली योगायोगाची गोष्ट. दहा ग्रह विरुद्ध दहा ग्रह म्हणजे 100 जोड्या. तुलना तीन प्रकारे होते: तिची ड्रॅकोनिक त्याच्या मूळ पत्रिकेवर, त्याची तिच्यावर, आणि दोघांच्या ड्रॅकोनिक एकमेकींवर. झाल्या 300. पुढेमागे एक अंश धरला तर एका जोडीची युती होण्याची शक्यता 360 मध्ये 2, आणि प्रतियोग, म्हणजे ग्रह बरोबर समोरासमोर येणंही मोजलं तर 360 मध्ये 4. तीनशेला याने गुणा. कुठल्याही दोन माणसांत सरासरी तीन-साडेतीन योग निघतात. मी हे बसस्टँडवरच्या आमच्या नेहमीच्या मोटरसायकल पायलटवर करून पाहिलं. त्याच्या शुक्रावर माझा ड्रॅकोनिक चंद्र, अर्ध्या अंशात. तो आजही माझ्याकडून पूर्ण भाडं घेतो.

हे सगळं मी त्या दोघांना बोलावून सांगितलं. मुलगी आधी चिडली, मग म्हणाली, “म्हणजे आमचं जुळत नाही?” तसं नाही, म्हटलं. या कागदावरून ते जुळतं की नाही हे मी सांगू शकत नाही, एवढंच. तुमचा गुणमेलनाचा कागद वेगळा आहे, घरचे तो पाहतील आणि देवाचा कौल घ्यायला देवळात प्रसाद लावायचा तर लावतील.

मुलाची आई सोबत आली होती. चंद्र दिवसाला सुमारे 13 अंश चालतो, दोन तासांत अंशभर, म्हणून मी तिला जन्मवेळ पुन्हा विचारली. कागदावर सकाळचे 6:30 होते. “घड्याळ कोणी पाहिलेलं? पोदेर भोंगो वाजवून गेला आणि हा झाला.” पोदेर म्हणजे आमचा पाववाला. तो किती वाजता यायचा, यावर ती आणि मुलाचा काका माझ्या ओसरीवर पंधरा मिनिटं भांडले. एक म्हणे सहा, दुसरा म्हणे सात वाजून गेलेले.