वेलाच्या जाळीची खाच सैल का बसते? या चुका टाळा

जाईसाठी 3 बाय 5 फुटांची जाळी करायची तर 25 मिमी रुंद आणि 12 मिमी जाड सागाच्या 4 उभ्या आणि 7 आडव्या पट्ट्या लागतात. म्हणजे 28 सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही पट्ट्यांना खाच पाडून त्या एकमेकींत बसवायच्या. सगळं नीट कापलं असं वाटतं, पण जुळवायला घेतलं की पाचव्या आडव्या पट्टीपासून काहीच जागेवर येत नाही. इथे करवतीचा दोष क्वचितच असतो, चूक आखणीत झालेली असते.

प्रत्येक पट्टी वेगळी मोजली आणि मागच्या खाचेपासून पुढची खाच धरली की प्रत्येक वेळचा एकेक मिलिमीटर साठत जातो. त्यापेक्षा चारही उभ्या पट्ट्या टोकं जुळवून शिकंज्यात एकत्र आवळा आणि गुण्या लावून सगळ्यांवर एकदमच रेघा ओढा. आडव्यांचंही तसंच करा. दोन्ही टोकांना 2 इंच सोडून पहिली खाच घ्या. टोकावरच घेतली तर खिळा मारताना लाकूड फाटतं.

खाचेची रुंदी फूटपट्टीने मोजू नका. बाजारातली पट्टी 25 म्हणून मिळते, पण निघते 24 किंवा 26. जी पट्टी तिथे बसणार तीच आडवी ठेवून टोकदार पेन्सिलीने दोन्ही कडा आखा आणि दोन्ही पट्ट्यांवर एकच नंबर घाला. करवत रेघेच्या आत, टाकाऊ भागात चालवा. खोली बरोबर निम्मी, 6 मिमी. पटाशी एकाच बाजूने आरपार ढकलली तर पलीकडची कड तुटते, म्हणून दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत या. सांधा हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर खाच अजून किंचित तासा, कारण खाचेपाशी पट्टी 6 मिमीच उरलेली असते, ती तिथेच मोडते.

आता खिळे. सांध्याची एकूण जाडी 12 मिमीच असते, हे बरेच जण विसरतात. 10 मिमीचा खिळा खालच्या पट्टीत जेमतेम 4 मिमी जातो आणि पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. मी 20 मिमीचा बारीक, जस्ताचा मुलामा असलेला खिळा वापरते. आधी त्याच्याहून किंचित बारीक भोक पाडते, खिळा आरपार काढते, डोक्याखाली लोखंडाचा ठोकळा धरते आणि मागे निघालेलं टोक मागच्या पट्टीच्या रेषांना आडवं दुमडून लाकडात बसवते. रेषांच्या दिशेने दुमडलं तर लाकूड चिरतं. सांध्याला एकच खिळा, मधोमध. खाचेमुळे पट्टी फिरत नाही, दुसऱ्या खिळ्याने फक्त चीर वाढते.

जुळवण्याआधी खाचांच्या आतून तेल किंवा प्रायमर लावाच. पावसाचं पाणी तिथेच मुरतं आणि नंतर ब्रश तिथे पोचत नाही. भिंतीवर लावताना मागे 2 इंचांचे गुटके द्या, म्हणजे वेलाला पट्टीमागून वळायला जागा मिळते.