सॉना, बर्फाचं पाणी आणि मनगटावरचं घड्याळ

घड्याळाच्या मागच्या झाकणावर '१० बार' किंवा '१०० मीटर' कोरलेलं असतं, म्हणून ते सॉनातही चालेल असं बरेच जण धरून चालतात. हा आकडा पाण्याच्या दाबाचा आहे, तापमानाचा नाही. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांसाठीच्या आयएसओ २२८१० या मानकात तापमानाची चाचणी आहे खरी, पण ती अगदी सौम्य: घड्याळ पाच मिनिटं ४० अंशांच्या पाण्यात, मग पाच मिनिटं २० अंशांच्या, मग पुन्हा ४०. डायव्हिंगच्या घड्याळांचं आयएसओ ६४२५ जास्त कडक, पण तिथंही मजल ४० आणि ५ अंशांपर्यंतच. फिनलंडमधल्या सॉनात मात्र ७० ते १०० अंश तापमान असतं आणि तिथून उठून माणसं थेट गोठलेल्या तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात उतरतात. त्याला 'अवांतो' म्हणतात. तिथलं पाणी शून्याच्या जेमतेम वर. अशा परीक्षेला घड्याळ कोणी कधी बसवलेलंच नसतं.

वेळ किती चुकते?

बहुतेकांना पहिली भीती हीच असते, आणि ती जवळपास निराधार आहे. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याचा वेग २५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असतो. तापमान त्याच्या वर गेलं की तो मंदावतो आणि खाली गेलं तरी मंदावतोच. किती, याचं गणित सोपं आहे: २५ पासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.०३५ ने गुणा. येतो तो दहा लाख सेकंदांमागे पडणारा फरक. सॉनात स्फटिक ६० अंशांपर्यंत तापला असं धरू. फरक ३५, वर्ग १२२५, म्हणजे दहा लाखांत सुमारे ४३. दिवसभर तसाच तापत राहिला तर घड्याळ ३.७ सेकंद मागे पडेल. पण आपण सॉनात बसतो पंधरा मिनिटं. तेवढ्यात पडणारा फरक सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका.

चावीच्या घड्याळाचंही तसंच. आजच्या चांगल्या मशीनमधली केसासारखी बारीक स्प्रिंग तापमानानं फारशी न बदलणाऱ्या खास मिश्रधातूची असते. अचूक घड्याळांना मिळणाऱ्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राच्या चाचणीत घड्याळ ८, २३ आणि ३८ अंशांवर तपासतात आणि प्रत्येक अंशामागे दिवसाला ०.६ सेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही. तापमान ३० अंशांनी वाढलं तरी पंधरा मिनिटांत ०.२ सेकंदाच्या आतच मामला.

खरा फरक पडतो तो घड्याळ दिवसेंदिवस उष्णतेत पडून राहिलं तर. विदर्भातल्या मे महिन्यात बंद घरातल्या कपाटात ४० अंश सहज असतात. वरचंच गणित लावलं तर क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला वीसेक सेकंद मागे पडतं. तेच मनगटावर रोज घातलं तर शरीर त्याला तिशीच्या आसपास ठेवतं आणि वेळ नीट लागते. उन्हाळ्यात घड्याळ मागे पडलं म्हणून सेल बदलण्याआधी ते कुठं ठेवलं होतं ते आठवा.

पाणी आत जातं कसं

आता एक फेरी टप्प्याटप्प्यानं पाहू. स्टीलची बॉडी, १० बार, २५ अंशांच्या खोलीतून ८० अंशांच्या सॉनात.

आत शिरल्याबरोबर घड्याळावर दव जमतं. सॉनाची हवा कोरडी वाटते, पण ८० अंशांना १५ टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरमागे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वाफ. ३९ अंशांपेक्षा थंड असलेल्या कशावरही ती पाणी होऊन बसते, आणि घड्याळ तर २५ वर आहे. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं की ही वाफ आणखी वाढते. हे पाणी आणि घाम मिळून चावीच्या मानेशी आणि मागच्या झाकणाच्या फटीत साचतात.

पंधरा मिनिटांत बॉडी ५५ अंशांवर गेली असं धरू. आतली हवा फुगून दाब १० टक्के वाढतो. मग माणूस २ अंशांच्या पाण्यात उतरतो. हवा आक्रसते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो. हे ओढणं ८० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाएवढं असतं. १० बार सोसणाऱ्या घड्याळाला ते किरकोळ आहे. 'गरम-थंडमुळे पोकळी तयार होते आणि ती पाणी ओढते' हे स्पष्टीकरण म्हणूनच अर्धवट आहे.

दुसरा अर्धा भाग रबराचा. चावीच्या दांड्याभोवती आणि मागच्या झाकणाखाली बारीक रबर रिंग असतात. तापमानानं रबर स्टीलच्या दहा-बारा पट जास्त फुगतं आणि तेवढंच आक्रसतं. नवी रिंग लवचीक असते, दाबून बसवलेली असते, त्यामुळे थोडी आक्रसली तरी खाच भरून काढते. जुनी रिंग मात्र चपटी झालेली असते आणि ती पुन्हा गोल होत नाही. उष्णता हे चपटेपण लवकर आणते. थंड पाण्यात ती आक्रसते, वर कडक होते, आणि केसाएवढी वाट उघडते. नेमक्या त्याच क्षणी फटीत पाणी तयार असतं आणि आतला दाब कमी असतो. कमी दाबाचा सगळा जोर लागतो तो इथं.

म्हणून रिंग नवी असलेलं घड्याळ चार वेळा सॉनाला जाऊन आलं आणि काही झालं नाही, यावरून पाचव्या वेळेबद्दल काही कळत नाही. चार फेऱ्यांनी रिंग तेवढी जुनी झालेली असते.

आपल्याकडे जिम आणि हॉटेलांत सॉनापेक्षा स्टीम रूम जास्त दिसते. तिथं तापमान ४५ अंशांच्या आसपासच असतं, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण हवा पूर्ण संपृक्त असते, घनमीटरमागे ६५ ग्रॅम वाफ. सॉनात घड्याळ तापलं की त्यावरचं दव निदान वाळतं तरी. स्टीममध्ये ते शेवटपर्यंत ओलंच राहतं. तिथून निघून लगेच थंड शॉवरखाली उभं राहणं हा अवांतोचाच धाकटा भाऊ समजा.

थेंबाची चाचणी

आत ओलावा आहे का, हे घरी पाहता येतं. घड्याळजीही अशीच चाचणी घेतात. स्मार्टवॉचवर मात्र ही करू नका.

१. चावी पूर्ण आत दाबा. आट्याची असेल तर फिरवून बंद करा. घड्याळ कोरडं पुसा.

२. पसरट भांड्यात ४५ अंशांचं पाणी घ्या, हात घालता येईल पण फार वेळ ठेववणार नाही इतकं. त्यात स्टीलची ताटली तरंगत ठेवा आणि तिच्यावर घड्याळ, काच वर करून. चेन असेल तर उघडून पसरवा, म्हणजे मागचं झाकण ताटलीला टेकेल. पाणी घड्याळाला लागता कामा नये.

३. वीस मिनिटं थांबा. बॉडी कोमट लागली पाहिजे.

४. काचेच्या मधोमध नळाच्या साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा, साधारण २० अंशांचा. उन्हाळ्यात माठातलं पाणी चालेल, फ्रिजमधलं नको. एक मिनिटानं टिपून घ्या.

५. तिरप्या उजेडात पाहा. थेंब होता तिथं काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत बाष्प आहे.

इथं एक गोची आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये सेल बदलला असेल तर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवाच आत कोंडली जाते. ती २५ अंशांच्या खाली दव सोडू लागते. त्यामुळे रिंग शाबूत असूनही थेंबाखाली पुसट धुकं येतं, कधी एसी ऑफिसात शिरतानाही येतं. फरक ओळखायचा तर दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या. धुकं तेवढंच असेल तर हवा कोंडलेली आहे. मागचं झाकण कोरड्या एसी खोलीत उघडून, रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून बंद करून घ्या. धुकं वाढलं असेल तर गळती आहे.

सॉना-पोहण्यानंतर न चाचणी घेताच काच आतून धूसर दिसली, तर त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्या. तोवर चावी ओढू नका आणि हेअर ड्रायर लावू नका. गरम हवेनं पाणी वाफ होऊन मशीनभर पसरतं. तांदळाच्या डब्यात ठेवण्यानं बंद झाकणाच्या आत काहीही घडत नाही. गंज आधी धरतो तो चावीचा पोलादी दांडा आणि त्याच्याजवळचे सुटे भाग. चावी फिरवताना खरखर लागू लागली म्हणजे उशीर झाला.

काढायचं तर कुठं ठेवायचं

सॉनात जाण्याआधी घड्याळ कपडे बदलण्याच्या खोलीत काढून ठेवा. आत जाऊन बाकावर काढून ठेवणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. मनगटातलं रक्त घड्याळाला थंड ठेवत असतं; वरच्या बाकावर ते एकटं पडलं की सॉनाच्या तापमानाला पोचतं. सामान्य सिल्व्हर ऑक्साइड सेलची मर्यादा ६० अंश. मशीनमधल्या लिव्हरची माणकं शेलॅक लाखेनं चिकटवलेली असतात आणि ती ७५ अंशांच्या पुढं मऊ पडते. तापलेली चेन पुन्हा मनगटावर चढवली तर कातडीही भाजेल. हाच नियम उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डला: तिथं ७० अंशांच्या वर तापमान जातं.

ॲपल आपल्या बहुतेक घड्याळांसाठी ० ते ३५ अंश हवामान सांगते आणि सॉना व स्टीममध्ये ती घालू नयेत असंही सांगते. लिथियम बॅटरी आणि चिकटवलेला पडदा असलेल्या कोणत्याही स्मार्टवॉचला हे लागू करायला हरकत नाही.

सॉनाहून किंवा गरम शॉवरनंतर घड्याळ घालायचं असेल तर हात पूर्ण वाळू द्या. नियमित पोहणाऱ्यानं दर वर्षी, इतरांनी प्रत्येक सेल बदलताना रिंग बदलून दाबाची चाचणी करून घ्यावी. घड्याळवाला 'रिंग ठीक आहे' म्हणाला तरी नवीच मागा. तिची किंमत मशीनच्या मानानं नगण्य असते.

नुसत्या थंडीत

लडाखला जानेवारीत चादर ट्रेकला जाणाऱ्यांना उलटा प्रश्न पडतो. उणे २० अंशांत क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला सहा सेकंद मागे पडेल, रात्रभरात दोन. त्यानं काही बिघडत नाही. सेलची ताकद मात्र उणे १० च्या खाली कमी पडते. काटा थांबतो किंवा दोन-दोन सेकंदांनी उडी मारू लागतो, ती सेल संपत आल्याची खूण वाटते. डिजिटल पडदा आळसावतो, आकडे विरघळल्यासारखे बदलतात. चावीच्या घड्याळात तेल घट्ट होऊन ते मंदावतं किंवा बंद पडतं. यातलं बहुतेक सगळं ऊब मिळाली की आपोआप सुधारतं, म्हणून तिथल्या तिथं सेल बदलायची घाई नको. घड्याळ जॅकेटवर बांधू नका, बाहीच्या आत कातडीला लागून घाला, आणि रात्री तंबूच्या खिशात न ठेवता मनगटावर तसंच ठेवून स्लीपिंग बॅगमध्ये शिरा. थंडीतून बुखारीच्या शेगडीनं तापलेल्या खोलीत आल्यावर काचेवर बाहेरून दव येईल. ते पुसलं जातं. पुसलं गेलं नाही तर ते आतून आहे.