व्हॉइसओव्हरची मराठी: नुसते ‘केले’चे ‘केलं’ करू नका

प्रशिक्षणाच्या व्हिडिओसाठी निवेदन लिहिणाऱ्यासमोर मूळ मजकूर बहुधा एखाद्या माहितीपुस्तिकेचा असतो आणि तो बोलका करायचा म्हणून पहिला हात फिरतो तो शब्दांच्या शेवटांवर. ‘असे’चे ‘असं’ होते, ‘केले’चे ‘केलं’ होते आणि काम झाले असे वाटते. स्टुडिओत मात्र तेच निवेदन कुणी तरी परिपत्रक वाचून दाखवत असल्यासारखे ऐकू येते. शेतकऱ्यांसाठी माती परीक्षणाचा व्हिडिओ करायचा आहे असे धरून या चुका पाहू, कारण त्यात ऐकणाऱ्याला निवेदन ऐकून हाताने काही तरी करायचे असते आणि वाक्य कुठे फसले ते लगेच कळते.

पुस्तिकेतले वाक्य साधारण असे असते:

“मृद नमुना घेण्यापूर्वी शेताच्या पृष्ठभागावरील पालापाचोळा दूर करण्यात यावा व तद्नंतर इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा 15 ते 20 सें.मी. खोलीचा खड्डा घेऊन त्यातील माती बाहेर काढून खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खुरप्याच्या साहाय्याने गोळा करण्यात यावी.”

यातल्या ‘साहाय्याने’चे ‘साहाय्यानं’ केले तरी काहीही सुधारत नाही. खरी अडचण अशी आहे की या वाक्यात माती दोनदा येते: एकदा टाकून द्यायची आणि एकदा ठेवायची. वाचणारा मागे जाऊन दोन्ही वेगळ्या करू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. शिवाय ‘करण्यात यावी’ या रचनेत हे काम नेमके कोणी करायचे तेच नाहीसे होते. बोलताना आपण असे सांगू:

“आधी जमिनीवरचा पालापाचोळा बाजूला करा. मग सहा ते आठ इंच खोल खड्डा घ्या. खड्डा इंग्रजी व्हीसारखा हवा, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता. त्यातून निघालेली माती टाकून द्या, ती आपल्याला नको. आता खुरप्यानं खड्ड्याच्या एका कडेची माती तासून घ्या, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची. हा आपला नमुना.”

एका वाक्याची सहा वाक्ये झाली आणि ती सगळी कामाच्या क्रमाने आली. ‘ती आपल्याला नको’ हे शब्द पुस्तिकेत नाहीत, पण तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण खड्ड्यातून निघालेली मातीच पिशवीत भरण्याची चूक तिथेच टळते. सहज बोलणारा माणूस ऐकणाऱ्याचा गोंधळ कुठे होईल हे ओळखून अशी पुस्ती जोडतो, आणि लेखकानेही ती जोडली पाहिजे.

नकार शेवटी ठेवण्याची चूक

मराठीत क्रियापद आणि त्याच्याबरोबरचा नकार वाक्याच्या शेवटी येतो. छापील मजकुरात हे खपून जाते, आवाजात ते धोक्याचे ठरते. “बांधाजवळील, झाडाखालील, शेणखताच्या ढिगाजवळील व विहिरीजवळील जागेतून नमुना घेऊ नये” हे वाक्य ऐकताना शेतकरी चार जागा लक्षात ठेवत जातो आणि त्या टाळायच्या आहेत हे त्याला अगदी शेवटच्या शब्दाला कळते. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला तर अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून नकार आधी सांगावा आणि प्रत्येक जागेबरोबर पुन्हा म्हणावा: “काही जागांची माती घेऊच नका. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, शेणखताच्या ढिगाजवळची नको, विहिरीजवळचीही नको.” लिहिताना ही पुनरुक्ती वाटते, पण कानाला तिचा आधार होतो.

याच उदाहरणात ‘जवळील’चे ‘जवळची’ झाले आहे. ‘-ील’ हा पुस्तकी प्रत्यय लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तो लिहायला सोपा असतो. बोलण्यात मात्र ‘शेतातला ओलावा’, ‘शेतातली माती’, ‘शेतातलं तण’ असे प्रत्येक वेळी जुळवून घ्यावे लागते. म्हणून हा बदल वाक्य पाहून हातानेच करावा.

अनुस्वाराची सरसकट बदली

संगणकावर ‘शोधा आणि बदला’ वापरून शेवटचे ‘ले’ सगळीकडे ‘लं’ केले की निवेदन हमखास बिघडते. ‘शेत नांगरले’चे ‘शेत नांगरलं’ होते, कारण शेत नपुंसकलिंगी आणि एकवचनी आहे. ‘नमुने घेतले’ आणि ‘खड्डे बुजवले’ मात्र बोलतानाही तसेच राहतात, कारण तिथे पुल्लिंगी अनेकवचन आहे. ‘झाडे तोडली’ याचे ‘झाडं तोडली’ होते, म्हणजे नाम बदलते आणि क्रियापद बदलत नाही. ‘माझे शेत’ बोलताना ‘माझं शेत’ असते, तर ‘माझे भाऊ’ हे ‘माझे भाऊ’च राहतात. नियम आठवत बसण्यापेक्षा वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. मराठी बोलणाऱ्याची जीभ इथे सहसा चुकत नाही.

‘पुढे’ की ‘पुढं’, ‘त्यामुळे’ की ‘त्यामुळं’ या बाबतीत प्रदेशाप्रमाणे फरक पडतो आणि दोन्ही रूपे कानाला चालतात. एका निवेदनात एकच रूप ठेवावे म्हणजे झाले. संहितेत एकीकडे ‘करणं’ आणि दुसरीकडे ‘करणे’ असेल तर निवेदक ऐन ध्वनिमुद्रणात अडखळतो आणि त्याचा सूर दर दोन वाक्यांनी बदलतो.

आकडे तसेच सोडणे

‘0.5 कि.ग्रॅ.’ असे लिहिले तर निवेदक ‘शून्य पूर्णांक पाच’ म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. संहितेत ‘अर्धा किलो’ असेच अक्षरांत लिहावे. 1.5 म्हणजे दीड, 250 म्हणजे अडीचशे आणि मातीचा आम्ल-अल्कपणा दाखवणाऱ्या सामूचा आकडा 7.5 असेल तर साडेसात. 7.8 साठी असा सोयीचा शब्द नाही. तिथे आवाजात ‘साडेसातच्या वर’ एवढेच सांगावे आणि नेमका आकडा पडद्यावर दाखवावा.

बोलकेपणाचा अतिरेक

पुस्तकीपणा टाळायचा म्हणून काही जण दर वाक्याला ‘बरं का मंडळी’, ‘तर मित्रांनो’, ‘बघा ना’ अशी भर घालतात. समोरासमोर बोलताना हे शब्द ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून येतात. ध्वनिमुद्रणात तो चेहरा नसतो, म्हणून ते उसने वाटतात. एखाद्या भागाची बोली न येता तिची चार रूपे पेरणे तर त्याहून वाईट, कारण त्या भागातल्या माणसाला ती आपली नक्कल वाटते. ‘करा’, ‘घ्या’, ‘नको’ अशी साधी क्रियापदे आणि ‘मग’, ‘आता’, ‘म्हणजे’ हे जोडशब्द योग्य जागी आले की वेगळा मसाला लागत नाही.

संहिता पूर्ण झाली की ती फोनवर स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करावी आणि कागद न पाहता ऐकावी. जिथे मध्येच श्वास घ्यावा लागला तिथे वाक्य तोडावे, जिथे जिभेने लिहिलेला शब्द सोडून दुसराच उच्चारला तिथे जिभेचे ऐकावे, आणि जिथे ऐकताना पुढचे पाऊल डोळ्यांसमोर उभे राहिले नाही तिथे क्रम तपासावा. वाक्ये मोकळी झाल्यावर निवेदनाची लांबी वाढू शकते, त्यामुळे वेळही याच ध्वनिमुद्रणावर मोजावी.

शब्द सोपे करतानाही एक मर्यादा सांभाळावी लागते. नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू हे शब्द पुस्तकी वाटले तरी बदलू नयेत. शेतकरी ते खतांच्या शिफारशीत ऐकतो आणि माती परीक्षणाच्या अहवालात वाचतो. निवेदनात दुसरे नाव घातले तर हातातला अहवाल आणि कानावर पडणारा आवाज यांचा मेळ बसत नाही. पहिल्यांदा उल्लेख येईल तेव्हा “सामू, म्हणजे माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा” असे एका वाक्यात समजावून पुढे तोच शब्द वापरत राहावे.