मांड्यांवरच्या लाल पुळ्या: ट्यूब चोळण्याआधी या चुका टाळा

रविवारी पहाटे सिंहगड चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि ताक, मग त्याच घामट टाइट्समध्ये गाडीवर बसून खडकवासल्याच्या गर्दीतून घर गाठायचं. माझ्या भाचीचा हा ठरलेला रविवार. गाडीचं रेक्झिनचं सीट तापलेलं, कापड ओलं आणि अंगाला चिकटलेलं. मंगळवारपर्यंत मांड्यांच्या मागच्या बाजूला लाल पुळ्या उठल्या, काहींच्या टोकाला पिवळसर पू.

तिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणली. दोन दिवसांत लाली उतरली, म्हणून लावणं थांबवलं. आठवड्याच्या आत पुळ्या परत आल्या, आधीपेक्षा जास्त. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तेव्हा त्यात क्लोबेटासॉल निघालं, म्हणजे तीव्र स्टेरॉइड, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्टेरॉइड सूज दाबतं, त्यामुळे बरं वाटतं. पण केसाच्या मुळाशी शिरलेले जंतू तिथेच राहतात आणि त्वचेची त्यांच्याशी लढायची ताकद मात्र कमी होते. जास्त दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, मांड्यांवर तर ताणाच्या कायमच्या रेषा उमटू शकतात. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका, शेजारणीला कितीही गुण आलेला असला तरी.

मुळात पुळी कसली आहे ते आधी उजेडात नीट बघा. प्रत्येक पुळीच्या मधोमध केस दिसत असेल, तर केसाच्या मुळाला सूज आली आहे. घट्ट कपड्याने तिथे घासतं, घामाने त्वचा ओलीच राहते आणि अंगावर एरवीही असणाऱ्या जंतूंना आत शिरायला वाट मिळते. घामोळं त्याहून बारीक आणि दाट असतं, त्यात मधे केस असेलच असं नाही. जांघेत गोल चकंदळ, कडेला खवले आणि मधला भाग जरा निवळलेला असेल तर तो बहुधा नायटा. त्याचे उपचार वेगळे, आणि नायट्यावर स्टेरॉइड चोळलं की तो आणखी पसरतो.

साध्या पुळ्यांसाठी घरी करायचं काम कंटाळवाणं आहे, पण उपयोगी आहे. स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि 10 ते 15 मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी सोसेल इतकंच गरम हवं. मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल तर ते आधी हाताने तपासा. फडकं दर वेळी धुतलेलं घ्या, टॉवेल कुणाशी वाटून वापरू नका. पुळ्या बऱ्याच असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइडचा 2.5 किंवा 5 टक्क्यांचा वॉश दिवसातून एकदा लावून एक-दोन मिनिटांनी धुऊन टाका. जांघेच्या नाजूक भागाला तो लागू देऊ नका, फार चुरचुरलं तर बंद करा. आणि त्यानंतर पांढराच टॉवेल घ्या, रंगीत कापडावर त्याचे फिके डाग पडतात ते जात नाहीत. हे भाचीला काळी लेगिंग गेल्यावर कळलं!

इथे घरचे उत्साही उपाय नडतात. खोबरेल तेल चोपडलं की आधीच कोंडलेली छिद्रं आणखी झाकली जातात. अँटिसेप्टिकमध्ये पाणी न मिसळता ते तसंच ओतलं तर त्वचा भाजते. खसखसून स्क्रब केलं की पू एका मुळातून दुसऱ्यात जातो. पुळी फोडणं तर नकोच, त्यातूनच पुढे केसतोड होतं. पुळ्या पूर्ण बसेपर्यंत वस्तरा आणि वॅक्सिंगही बंद.

कारण तसंच राहिलं तर मात्र सगळी मेहनत वाया. भाचीने आता बॅगेत सैल सुती पायजमा ठेवला आहे. गडाच्या पायथ्याशी उतरलं की अंग पुसून तो घालायचा आणि मगच गाडीला किक. टाइट्स प्रत्येक वापरानंतर धुवायच्या, ‘फक्त वाळवून’ पुन्हा घालायच्या नाहीत.

साध्या पुळ्या आठवड्याभरात उताराला लागतात. तसं झालं नाही, त्या सारख्या परत यायला लागल्या, लाली पसरत गेली, ताप आला किंवा एखादी गाठ मोठी, गरम आणि ठणकणारी झाली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असेल तर आठवडाही थांबू नका. जाताना वापरलेली ट्यूब सोबत न्या. स्टेरॉइडने पुरळाचं रूप बदललेलं असतं, आणि ‘कसलीशी पांढरी क्रीम होती’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही उमगत नाही.