कटआउट सावली-अ‍ॅनिमेशन करताना या चुका टाळा: बाहुली नाही, आधी लाईट बघा

खालून लाईट लावलेल्या आडव्या काचेवर काळ्या कागदाची बाहुली, मागे रंगीत कागदाचं संध्याकाळचं केशरी आकाश, वर मोबाईल लटकवलेला आणि एकेक फोटो काढत अ‍ॅनिमेशन, असं ज्यांनी एकदा तरी करून पाहिलंय त्यांची तक्रार ठरलेली असते: डोळ्यांना मस्त दिसत होतं पण फोनमध्ये बाहुली राखाडी आली, आकाश फटफटीत आलं आणि वर सगळं लुकलुकतंय. मग लोक बाहुली परत कापायला बसतात. बाहुलीचा बिचारीचा काही दोष नसतो हो, दहातल्या आठ वेळा घोळ लाईटचा असतो.

उदाहरण म्हणून एकच शॉट घेऊ, मी तीन वेळा परत केलेला. नऊवारीतली बाई डोक्यावर घागर घेऊन डावीकडून येते, मधे थांबते, मागे वळून बघते आणि उजवीकडे निघून जाते. दहा सेकंद, सेकंदाला १२ फोटो म्हणजे १२० फोटो. काच ए-थ्री कागदाएवढी, म्हणजे साधारण ४२ बाय ३० सेंटीमीटर, आणि बाई १५ सेंटीमीटर उंच.

आकाशात मधोमध पांढरा डाग

काचेखाली सरळ बल्ब किंवा एलईडी स्ट्रिप ठेवली आणि वर एक बटर पेपर टाकला की हे होतंच. तुमच्या डोळ्याला डाग फारसा जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र लगेच दिसतो. कारण साधं आहे, लाईट आणि बटर पेपर यांच्यात पुरेसं अंतर नाही. स्ट्रिपच्या दोन ओळींत ५ सेंटीमीटर असतील तर बटर पेपर त्यांच्यापासून निदान ८-१० सेंटीमीटर वर हवा, नाहीतर ओळी मोजता येतात. मला त्याहून आवडलेला उपाय म्हणजे लाईट वर मारायचाच नाही, खाली मारायचा. काचेखाली १५-२० सेंटीमीटरवर पांढरा थर्माकोल ठेवा, स्ट्रिप खोक्याच्या चारी कडांना आतून लावा, तोंड थर्माकोलकडे, मग तिथून परतून येणारा उजेड इतका मऊ असतो की एक बटर पेपर पुरतो.

आता रंग. इथे लोक जिलेटिनचा एकच केशरी कागद अख्ख्या काचेवर अंथरतात आणि मग आकाश नाही, आकाशकंदिलाची एक बाजू दिसते. आकाश वाटायला रंग गडद-फिका होत जायला हवा. पतंगाचा पातळ कागद घ्या, केशरी आणि गुलाबी, क्षितिजापाशी एकच थर, त्याच्या वर दोन, एकदम वर तीन-चार, जितके थर तितका उजेड कमी. आणि कडा कात्रीने कापू नका, हाताने फाडा, कापलेली कड सरळ रेघ होऊन दिसते. हे थर बटर पेपरच्या वर नाही, खाली ठेवायचे, दोन-तीन सेंटीमीटर अंतर सोडून, म्हणजे फाटलेल्या कडाही विरघळतात. मी पहिल्यांदा वर ठेवले होते, प्रत्येक सुरकुती नदीच्या नकाशासारखी आली होती.

बाई काळी नाही, राखाडी येते

याची कारणं तीन आणि तिन्ही एकदमही असू शकतात, म्हणून एकेक तपासायचं. आधी खालचा लाईट बंद करून फोनच्या स्क्रीनवर बघा. बाईचा कागद, त्याची खरखर, पेन्सिलच्या खुणा काही दिसतंय का? दिसलं तर वरून उजेड येतोय. खिडकी, दाराखालची फट, लॅपटॉप, आणि हो, तुमचा पांढरा टी-शर्ट. खालून येणारा उजेड टी-शर्टवर आपटून परत बाहुलीवर पडतो, हे मला सांगूनही पटलं नसतं. काळा शर्ट घाला, आणि फोनभोवती काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून ते लावा, म्हणजे काचेत फोनचं प्रतिबिंबही येत नाही.

वरून उजेड नाही तरी राखाडीच येत असेल तर फ्रेमच्या बाहेर बघा. काच ४२ सेंटीमीटरची आणि फ्रेममध्ये तीसच येतायत, तर बाकीची उजळ काच फोटोत दिसत नसली तरी तिचा उजेड लेन्समध्ये शिरतो आणि सगळ्या काळ्यावर पातळ धुकं पसरवतो. लेन्सवर बोटाचा डाग असेल तर विचारूच नका. फ्रेमबाहेरची काच काळ्या कागदाने झाका, लेन्स पुसा, फरक तिथल्या तिथे दिसतो. ही एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती.

तिसरं म्हणजे फोनचा शहाणपणा. एचडीआर चालू असेल तर फोनला वाटतं अंधारात काहीतरी हरवलंय आणि तो काळा भाग उजळून दाखवतो. बंद करा.

सावल्यांच्या खेळाची सवय असलेले इथे एक वेगळी चूक करतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्यात पडद्यामागे दिवा असतो आणि आपण पलीकडून पडद्यावरची सावली बघतो, बाहुली दिव्याकडे सरकवली की सावली मोठी आणि मऊ होते. आपल्या टेबलावर सावली नसतेच, कॅमेरा थेट बाहुलीच बघतो. त्यामुळे बाहुली काचेपासून उचलून काही मोठी होत नाही, फक्त कड धूसर होते आणि कडेवरून उजेड आत सांडतो. ती काचेला सपाट चिकटून हवी. जर्मन अ‍ॅनिमेटर लॉट्टे रायनिगर १९२० च्या दशकात असंच काचेच्या टेबलावर काम करायची, कार्डबोर्डबरोबर शिशाचे पातळ पत्रे वापरायची आणि तारेने सांधे बांधायची, त्या वजनाने बाहुली जागेवर बसते. आपल्याला छातीवर डबल टेपने एक नाणं पुरतं, पण वरच्या बाजूला, खाली लावलं तर बाहुली उचलली जाते, आणि त्यावर काळा कागद, नाहीतर चमकतं. पंखा बंद. उकडतं, पण बंद.

लुकलुक

आधी लुकलुक कधी होते ते बघा, त्यावरून कारण कळतं. बाई फ्रेममध्ये येत जाईल तसं आकाश उजळ होत गेलं आणि ती बाहेर पडल्यावर परत उतरलं, तर ऑटो एक्स्पोजर. फोनला चित्रात काळं वाढलेलं दिसतं, तो म्हणतो अंधार झाला, आणि उजेड वाढवतो. माझा पहिला शॉट असाच गेला, १२० फोटो, बाई मधोमध आली की सूर्य परत उगवल्यासारखा. आकाश उजळण्याऐवजी केशरी मधेच मळकं, निळसर होत असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स, त्याला तुमचा केशरी रंग ही चूक वाटते आणि तो दुरुस्त करायला जातो. आणि काही ताळमेळ नसलेली लुकलुक असेल तर वीज.

पहिल्या दोन्हींना मॅन्युअल मोड हाच इलाज. आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ५००० ते ५५०० च्या आसपास कुठेतरी ठेवून द्या, फोकस बाईच्या कडेवर लॉक. फोनमध्ये मॅन्युअल नसेल तर बोट दाबून धरून AE/AF LOCK येतं का बघा, पण ते बाई फ्रेममध्ये नसताना करा. एक्स्पोजर ठरवताना बाईकडे बघू नका, ती काळीच राहायचीय, क्षितिजाच्या सगळ्यात उजळ जागेकडे बघा आणि तिथला केशरी पिवळा-पांढरा व्हायचा थांबेपर्यंत कमी करा. बहुतेकांचं आकाश फटफटीत येतं ते इथेच.

विजेचं असं की आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मावळतात. शटर १/५० किंवा १/२५ ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण चक्रं मावतात. बाहुली हलत नसते तेव्हाच फोटो काढतोय, मग शटर हळू असलं म्हणून बिघडत नाही, फक्त बटणाला हात न लावता इअरफोनच्या बटणाने किंवा ब्लूटूथ रिमोटने काढा. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या घरात यूएसबीची स्ट्रिप पॉवर बँकवर लावा, माझा प्रश्न त्यानेच सुटला.

बाई चालत नाही, घसरते

लाईट बसला की मग बाहुली. गुडघ्याला वाकवलं की फटीतून केशरी उजेड दिसत असेल तर सांधा चुकलाय. मांडी आणि पोटरी दोन्हींची टोकं अर्धगोल, एकाच मापाची, आणि भोक त्या गोलाच्या बरोबर मध्यावर, मग कितीही वाकवा फट पडत नाही. सांध्याला बारीक तांब्याची तार किंवा दोऱ्याची गाठ. घट्ट करू नका, नाहीतर पोटरी हलवली की अख्खी बाई फिरते.

घसरण्याचं कारण गणित न करणं. एका पावलाला ८ फोटो, पाऊल ५ सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक फोटोला कंबर साधारण ६ मिलिमीटर पुढे, आणि टेकलेला पाय मात्र जिथल्या तिथे. पूर्ण आत येऊन पूर्ण बाहेर जायला ४८ सेंटीमीटर धरले तर ८० फोटो, उरलेले ४० थांबून मागे वळण्याला. पाय फाकलेले असताना कंबर दोन-तीन मिलिमीटर खाली, पाय एकमेकांजवळून जाताना वर, पण घागर शक्यतो सरळ रेषेत, तीच तर मजा. टेकलेला पाय कुठे होता हे लक्षात ठेवायला खालच्या काळ्या जमिनीच्या पट्टीवर साध्या पेन्सिलने ६ मिलिमीटरवर खुणा करा. टॉर्च मारली की त्या तुम्हाला चमकताना दिसतात, टॉर्च बंद केली की कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

आणि मागे वळते तेव्हा मान हळूहळू फिरवता येत नाही, सपाट कागद आहे. डोकं एका फोटोत पलटून, तोंड मागच्या बाजूला करून लावा, त्याआधी दोन फोटो मान खाली. घागरीचा हात डोक्याला चिकटवू नका, मधे त्रिकोणी मोकळी जागा ठेवा, नाहीतर हात दिसतच नाही.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की मऊ आकाशात पट्ट्या पडतात, ती तुमच्या लाईटची चूक नाही, कॉम्प्रेशनची आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा एडिटमध्ये अगदी किंचित ग्रेन टाका, पट्ट्या बऱ्याच लपतात.