निरोपाच्या वहीत मित्राच्या पानावर काय लिहावं, कसं लिहावं

जानेवारी-फेब्रुवारी आला की नागपुरातल्या दहावीच्या वर्गांत आठवणींच्या वह्या फिरू लागतात. कोणी त्याला स्लॅम बुक म्हणतं, कोणी ऑटोग्राफ बुक. सेंड-ऑफच्या आठवड्यात एकेकाच्या हाती अशा वीस-तीस वह्या येतात. पहिल्या चार मनापासून लिहिल्या जातात, आणि पाचवीपासून सगळ्यांना ‘तू खूप चांगला आहेस, मला विसरू नको, बेस्ट ऑफ लक’ हाच मजकूर जातो. वहीचा मालक घरी जाऊन पानं उलटतो, तेव्हा बारा जणांनी लिहिलेलं पान एकाच माणसानं लिहिल्यासारखं दिसतं. हसवणारं आणि तरी मनापासूनचं पान लिहायला प्रतिभा लागत नाही, थोडी तयारी मात्र लागते.

आधी कच्च्या कागदावर

वही हाती येण्यापूर्वीच रफ वहीत वर्गातल्या मुलामुलींची नावं खाली-खाली लिहा. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट टिपा, आणि ती डोळ्यांनी पाहिलेली किंवा कानांनी ऐकलेली असावी. ‘प्रेमळ’, ‘हुशार’, ‘मदत करणारा’ हे शब्द इथे चालणार नाहीत, कारण ते कोणाच्याही नावापुढे बसतात. ‘डबा उघडण्याआधी झाकणाचा वास घेते’, ‘हजेरीला ‘येस सर’ऐवजी नुसता हात वर करतो’, ‘पोह्यांवर इतकी तर्री घेतो की पोहे शोधावे लागतात’ अशा टिपणांतून पान तयार होतं. दिवसाला पाच-सहा पानांपेक्षा जास्त लिहू नका. त्यापुढे हात चालतो, पण डोकं मागचंच वाक्य पुन्हा पुढे करतं.

एक पान, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, तन्मय नावाच्या वर्गमित्राचं पान लिहायचं आहे. पहिला मसुदा बहुतेक असा उतरतो: ‘प्रिय तन्मय, तू माझा खूप चांगला मित्र आहेस. तू नेहमी मदत करतोस. तुझी आठवण येईल. परीक्षेसाठी शुभेच्छा.’ यात खोटं काहीच नाही. अडचण एवढीच की नाव खोडून दुसरं घातलं तरी काही बिघडत नाही. लिहून झालं की हीच परीक्षा घ्यायची: नाव झाका आणि वाचा. माणूस ओळखू आला नाही तर मसुदा बाजूला ठेवा.

आता टिपणं पाहू. तन्मय सायकलनं येतो, चेन पडते म्हणून प्रार्थना सुरू झाल्यावर पोहोचतो, हात काळे झालेले असतात. भूमितीच्या तासाला तो मागच्या बाकावर कोनमापक देतो. एकाच पानात चार गोष्टी कोंबायच्या नाहीत. यातली चेन आणि कोनमापक या दोन गोष्टी ‘काळ्या हातां’नी एकमेकींना जोडता येतात, म्हणून तेवढ्याच घेऊ.

‘तन्मय, चेन पडली हे कारण तू वर्षभर पुरवलंस. सरांचा त्यावरचा विश्वास कधीच उडाला होता, पण तुझे काळे हात बघून मागच्या बाकाला खरं काय ते माहीत होतं. त्याच हातांनी तू भूमितीच्या दर तासाला मला कोनमापक दिलंस. त्यावर तुझ्या बोटांचे ठसे अजून आहेत. कोनमापकही अजून माझ्याकडेच आहे. परत देणार नाही. मागायला तरी घरी येशील.’

यात विनोद सायकलवर आहे, सरांच्या संशयावर आहे आणि शेवटी लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या वस्तू ढापण्यावर आहे. तन्मयवर तो नाही. ‘तू मदत करतोस’ हे वाक्य कुठेच आलं नाही, तरी मदत दिसते. आणि ‘विसरू नको’ म्हणण्याऐवजी घरी येण्याचं निमित्त दिलं आहे. क्रम असाच ठेवला तर बहुतेक पानं जमतात: आधी हसू, मग त्याच गोष्टीतून निघालेली खरी बाब, शेवटी पुढे भेटण्याची काहीतरी ठोस खूण. क्रम उलटा केला, म्हणजे आधी भावुक होऊन शेवटी टवाळी केली, तर वाचणाऱ्याला वाटतं की आधीचं सगळं गमतीतच होतं.

साठ-सत्तर शब्द पुरे. वहीच्या मध्यम आकाराच्या पानावर मोकळ्या ओळींत तेवढंच छान मावतं. पान भरायचं म्हणून खाली फुलं, हृदयं आणि ‘मैत्री म्हणजे...’ची कविता जोडली की वरचा विनोद विझतो.

साचा उसना घ्यायचा असेल तर

काहींना सरळ लिहायला संकोच वाटतो. त्यांनी वर्गात सगळ्यांना पाठ असलेला एखादा साचा घ्यावा. दहावीच्या मुलांना प्रश्नपत्रिकेची भाषा सगळ्यात जवळची, म्हणून ती हमखास चालते:

‘प्र. १. कारणे द्या. (३ गुण) आर्याच्या बाकावर कोणी फार वेळ रडत नाही. उत्तर: कारण ती आधी पाण्याची बाटली देते, मग काय झालं ते विचारते आणि मग ज्यानं रडवलं त्याच्या बाकाकडे चालू लागते. सहामाहीच्या निकालाच्या दिवशी ती बाटली मी अर्धी संपवली होती.’

साचा हसवतो, उत्तर खरं असतं आणि शेवटचं वाक्य साच्याबाहेर येऊन साधेपणानं बोलतं. ते वाक्य गाळलं तर उरते नुसती करामत. दुसरी चूक म्हणजे हौसेनं पूर्ण प्रश्नपत्रिका काढणं. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, टीपा लिहा, असं सगळं आलं की तिसऱ्या प्रश्नाला वाचणारा पान उलटतो. प्रश्न एकच ठेवा.

नागपूरकरांकडे आणखी एक साचा आहे, तो दुसऱ्या शहरातल्या मुलांना सुचणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत जी आरोळी उठते, तिच्या चालीवर लिहा: ‘सराव परीक्षा, अपूर्ण वह्या, बीजगणिताची भीती घेऊन जा गे मारबत! फक्त शेवटच्या बाकावरची श्रेया राहू दे. तिच्याशिवाय गणिताच्या तासाला जागं राहायचं कारणच उरत नाही.’ वहीचा मालक बाहेरगावाहून नुकताच आलेला असेल तर हा साचा टाळा. आरोळी कानावर पडलेली नसेल तर त्याला यात हसण्यासारखं काही सापडणार नाही.

उखाण्याचा मोह मात्र आवरा. उखाण्यात ज्याचं नाव घेतलं तो जोडीदार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलानं मुलीच्या वहीत किंवा मुलीनं मुलाच्या वहीत उखाणा लिहिला की पुढचे आठ दिवस वर्ग त्यावरच जगतो, आणि चिडवणं लिहिणाऱ्यापेक्षा वहीवाल्याला जास्त सोसावं लागतं.

बोलीत लिहावं का?

रोज ‘काऊन बे’ म्हणून हाक मारत असाल तर पानावर एकदम ‘प्रिय मित्रा’ आलेलं परकं वाटतं. ‘सालभर चेन पडली म्हणून सांगून राहिला बे तू’ असं पहिलं वाक्य लिहिलं की आवाज कानात वाजतो. पण बोली एका-दोन वाक्यांपुरतीच ठेवा, एरवी ती नक्कल वाटू लागते. वही घरी आजीही वाचणार असेल आणि त्या घरात ‘बे’ म्हटलेलं खपत नसेल, तर ‘भौ’वर भागवा.

थट्टा कुठे थांबवायची

वर्गात बोललेल्या वाक्यासोबत तुमचा चेहरा असतो, खांद्यावर हात असतो. कागदावर नुसतं वाक्य उरतं, आणि ते वर्षानुवर्षं उरतं. म्हणून ज्या गोष्टीवर तो स्वतः चारचौघांत हसतो, तीच घ्या. मार्क, नापास होणं, रंग, वजन, उंची, दात, घरची परिस्थिती, आडनाव आणि कोणाशी जोडलेलं नाव यांना हात लावू नका, समोरचा हसत असला तरी. ‘जाड्या’ ही हाक तो वर्गात झेलतो, पण म्हणून ती त्याला आपल्या वहीत हवी असेल असं नाही. शिक्षकांची टोपणनावंही बाहेरच ठेवा, कारण या वह्या शेवटी सह्यांसाठी शिक्षकांकडेच जातात. शंका आली तर त्याची आई जेवताना ते पान मोठ्यानं वाचते आहे अशी कल्पना करा. कुठे अडखळावंसं वाटलं तर तेवढं वाक्य काढा.

ओळखच नसलेल्यांचं पान

सगळ्यात अवघड पान शत्रूचं नसतं, ज्याच्याशी कधी बोलणंच झालं नाही त्याचं असतं. इथे खोटी जवळीक लगेच उघडी पडते. जेवढं आहे तेवढंच लिहा: ‘वैष्णवी, पाच वर्षांत आपण फार तर वीस वाक्यं बोललो असू. त्यातलं एक होतं, खोडरबर आहे का. तू तुझं नवं खोडरबर मधोमध तोडून अर्धं दिलंस. उरलेल्या एकोणीस वाक्यांची आता हळहळ वाटते.’ चार ओळींचं हे पान लांबलचक गोड मजकुरापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं. भांडण झालेल्या मुलाच्या वहीत भांडणाचा निकाल लावत बसू नका. माफी मागायची असेल तर समोर मागा, पानावर त्याची एखादी चांगली गोष्ट लिहा.

शाई, जागा आणि सही

मजकूर पक्का झाला की मगच वही उघडा. चकचकीत कागदावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही, आणि वही मिटताच समोरच्या पानावर उलटी उमटते. तिथे बॉलपेन बरा. पातळ कागदावर स्केचपेन मागच्या बाजूला उतरतो आणि दुसऱ्याच्या पानाचं वाटोळं करतो. कोणतंही पेन आधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात घासून बघा. बॉलपेन दाबून लिहायची सवय असेल तर पानाखाली पुठ्ठा ठेवा. शिवणीच्या बाजूला दोन बोटं जागा सोडा, नाहीतर ओळींची सुरुवात वहीच्या घडीत जाते.

खाली पूर्ण नाव, तुकडी आणि तारीख घाला, टोपणनाव त्याच्या बाजूला. नुसतं ‘तुझा पिंट्या’ लिहिलं तर काही वर्षांनी कोणता पिंट्या यावर घरात चर्चा होते.

शब्द चुकला तर एकच सरळ रेघ मारून पुढे लिहा. व्हाइटनरचा थर वाळल्यावर तडकतो आणि त्यावर पेन नीट चालत नाही. पान मात्र फाडू नका. मधोमध शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की त्याच कागदाचा शिवणीपलीकडचा भाग, म्हणजे कोणीतरी लिहिलेलं दुसरं पान, सुटं होऊन गळून पडतं.